खिंडार पडलं, पण वाट निघाली नाही

१० मार्च १९१५, पहिल्या महायुद्धाचा काळ. फ्रान्सच्या उत्तरेला, बेल्जियमच्या सीमेजवळच्या सपाट आणि चिखलट मुलखात नव शापेल नावाचं एक लहानसं गाव आहे. सकाळी साडेसात वाजता साडेतीनशेच्या आसपास ब्रिटिश तोफांनी एकदम तोंड उघडलं. पस्तीस मिनिटं मारा झाला आणि आठ वाजून पाच मिनिटांनी पायदळ उठून पुढे धावलं. मधल्या भागात जर्मनांचा पहिला खंदक काही मिनिटांतच पडला आणि सकाळ सरायच्या आत गाव हातात आलं. यात निम्मे सैनिक हिंदुस्थानी होते: गढवाली, गुरखे, शीख, पंजाबी मुसलमान.

तीन दिवसांनी लढाई थांबली तेव्हा आघाडीची रेघ कशीबशी किलोमीटरभर पुढे सरकली होती. ब्रिटिशांच्या बाजूची साडेअकरा हजारांहून अधिक माणसं ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली होती आणि त्यात चार हजारांवर हिंदुस्थानी होते. जर्मनांचं नुकसानही जवळपास त्याच घरातलं.

सकाळी दोन तासांत जमलं ते पुढच्या तीन दिवसांत का जमलं नाही? फ्रान्स-बेल्जियममधली ही पश्चिम आघाडी समजून घ्यायची असेल तर प्रश्न इथे आहे. ‘सेनापती मूर्ख होते, माणसांना मशीनगनसमोर चालवत नेलं’ हे उत्तर आपण इतक्यांदा ऐकलंय की खरंच वाटायला लागतं. थोडंफार खरंही आहे. पण शत्रूच्या खंदकात घुसणं ही त्या युद्धातली अशक्य गोष्ट कधीच नव्हती. नीट तयारी केली तर खिंडार पडायचं. त्या खिंडारातून पलीकडे निघून जाणं तेवढं जमत नव्हतं.

आधी हे खंदक आले कुठून, ते पाहू.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा कोणीच खंदकात बसायला निघालं नव्हतं. जर्मन फौजा बेल्जियममधून मोठा वळसा घालून पॅरिसच्या दिशेने आल्या. फ्रेंच पायदळ लाल तुमानी घालून उघड्या शेतांतून चाल करत होतं. २२ ऑगस्ट या एकाच दिवशी सुमारे सत्तावीस हजार फ्रेंच सैनिक मेले. तोवर खंदक असा नव्हताच. मिनिटाला पाचशे गोळ्या सोडणारी मशीनगन आणि झपाझप गोळे फेकणारी तोफ असताना उघड्यावर उभं राहिलं की काय होतं, हे सगळ्यांना त्या महिन्यात कळलं. खंदकांमुळे माणसं मेली असं आपल्याला वाटतं, पण खंदक आले ते जीव वाचवायला.

सप्टेंबरात मार्न नदीवर जर्मनांना अडवलं गेलं. ते मागे हटले आणि एन नदीच्या उत्तरेच्या उंच कड्यावर थांबून त्यांनी फावडी काढली. पाठलाग करणाऱ्या फ्रेंच आणि ब्रिटिशांना तो कडा चढता येईना, म्हणून त्यांनीही खाली खणायला घेतलं. मग दोन्ही बाजूंनी एकमेकांना उत्तरेकडून वळसा घालायचे प्रयत्न सुरू झाले. दर वेळी वळसा अडायचा आणि अडला की तिथे खंदक व्हायचा. असं करत करत ऑक्टोबरात दोघेही समुद्राला जाऊन भिडले. बेल्जियन लोकांनी समुद्राचे दरवाजे उघडून शेवटचा तुकडा पाण्याखाली घातला. आता समुद्रापासून स्वित्झर्लंडपर्यंत सातशे किलोमीटरची सलग रेघ तयार झाली होती. वळसा घालायला बाजूच उरली नाही. किल्ल्याला निदान वेढा घालता येतो, या रेघेला दोन टोकंच नव्हती. आता जायचं तर सरळ छातीवर.

या सुरुवातीच्या दिवसांतला एक प्रसंग सांगायला हवा, कारण त्यात आपल्या खडकीची माणसं आहेत. बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे खडकीला ठाणं असलेल्या पलटणीच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या तेव्हा फ्रान्सला पोचल्या होत्या. काम पूल बांधणं, खणणं, सुरुंग लावणं. पण माणसं कमी पडत होती, म्हणून २८ ऑक्टोबर १९१४ रोजी त्यांना ४७व्या शीख पलटणीसोबत पायदळासारखं वापरून याच नव शापेलवर सोडलं. त्यांनी घराघरांतून झुंजत गाव घेतलंही. मात्र मागून कुमक आली नाही, जर्मनांनी उलट हल्ला केला आणि गाव गेलं. दोन्ही कंपन्यांचे जवळपास सगळे अधिकारी ठार किंवा जखमी झाले. पुढच्या चार वर्षांत जे शंभरदा घडणार होतं, त्याची ही छोटी आवृत्ती.

तेव्हा मार्च १९१५ ला ब्रिटिश पुन्हा त्याच गावासमोर आले ते चांगल्या तयारीने. विमानातून जर्मन खंदकांचे फोटो काढून नकाशे केले होते. समोर जर्मनांचा खंदक म्हणजे खरं तर खड्डा नव्हता. या भागात हात-दोन हात खणलं की पाणी लागतं, म्हणून त्यांनी मातीच्या पोत्यांचा छातीएवढा बांध घातला होता. पुढे काटेरी तारांचं जाळं. खंदक असो की बांध, तो कधी सरळ नसायचा, दर काही मीटरवर काटकोनात वळायचा. सरळ असता तर एका टोकाला शिरलेल्या शत्रूला शेवटपर्यंत गोळ्या झाडत जाता आलं असतं आणि आत पडलेल्या एका गोळ्याने सगळ्यांचा चुरा केला असता. वळणामुळे स्फोट त्या एका कप्प्यातच राहायचा. मागच्या बाजूला जायला नागमोडी चर असायचे, त्यातून जेवण, दारूगोळा आणि बदली माणसं यायची.

तोफखान्याला दोन वेगळी कामं होती. हलक्या तोफांनी छर्ऱ्याचे गोळे तारेच्या नेमके वर फोडून तार कापायची आणि जड हॉवित्झर तोफांनी बांध फोडायचा. यातलं एक जरी चुकलं तर पायदळ मेलंच. आणि नेमका मारा करायला ‘वेध घेणं’ लागतं: एक गोळा टाकायचा, तो कुठे पडला ते पुढे बसलेला निरीक्षक दुर्बिणीतून बघतो, टेलिफोनवर सांगतो, तोफ जराशी हलवायची, पुन्हा एक गोळा. दर तोफेची नळी वेगळी झिजलेली असते, वारा वेगळा असतो, त्यामुळे कागदावरचं गणित पुरत नाही.

नव शापेलच्या डाव्या टोकाला, सुमारे चारशे यार्डांच्या पट्ट्यात, हे बिनसलं. तिथे मारा करायच्या दोन हॉवित्झर बॅटऱ्या इंग्लंडहून आदल्या रात्री पोचल्या. वेध घ्यायला, टेलिफोनच्या तारा ओढायला वेळच मिळाला नाही. त्यांचे गोळे भलतीकडे पडले. समोरचा बांध शाबूत, तार शाबूत आणि त्यामागे दोन मशीनगनही शाबूत. तिथून उठलेल्या दोन ब्रिटिश पलटणींची चाळण झाली. एक पलटण तर जवळजवळ नाहीशीच झाली.

उजव्या टोकाला वेगळाच घोळ झाला. पहिल्या गढवाल बटालियनची धाव दिशा चुकून उजवीकडे सरकली आणि ती मारा न झालेल्या खंदकावर जाऊन आदळली. न कापलेल्या तारांतून मार्ग काढत त्यांनी तो भयंकर नुकसान सोसून घेतला, पण मधल्या फटीत जर्मन तसेच राहिले. शेजारच्या दुसऱ्या गढवाल बटालियनमधला गबर सिंग नेगी खंदकाच्या एकेक वळणाला हातबाँब घेऊन पुढे घुसत राहिला आणि त्यात मारला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मधोमध मात्र सगळं नीट झालं होतं. जर्मनांची पहिली ओळ फुटली होती, गाव हातात होतं आणि पुढे थोडेच जर्मन होते. इथून माझ्या मते खरी लढाई सुरू होते, आणि त्यात गोळीपेक्षा घड्याळ महत्त्वाचं आहे.

गावात शिरलेल्या मेजरला दिसतंय की पुढे मोकळं आहे. आपल्याला आदेश तर इथेच थांबायचा आहे, कारण पुढचे गोळे आपल्याच तोफखान्याचे पडणार. तो हे कळवणार कसं? वायरलेस यंत्र तेव्हा पाठीवर वाहून नेण्याजोगं नव्हतं. टेलिफोनची तार जमिनीवरून ओढलेली, तोफगोळ्यांनी ती पहिल्या तासातच दहा ठिकाणी तुटली. उरतात हरकारे. चिठ्ठी घेऊन माणूस धावत मागे जाणार, बटालियनला, तिथून ब्रिगेडला, तिथून डिव्हिजनला, मग कोअरला. प्रत्येक पायरीवर कोणीतरी वाचणार, विचार करणार, नवा कागद लिहिणार. उत्तर त्याच वाटेने उलटं येणार. चिठ्ठी पोचते तोवर तिच्यातलं चित्र जुनं झालेलं असतं. म्हणजे ज्या क्षणी पायदळ जिंकतं, त्याच क्षणी सेनापती आंधळा होतो.

ब्रिटिशांच्या डाव्या अंगाचा सेनापती होता हेन्री रॉलिन्सन. (हाच पुढे १९२० मध्ये हिंदुस्थानचा सरसेनापती झाला आणि १९२५ ला दिल्लीत वारला.) डावं टोक अडलंय एवढंच त्याला धड कळत होतं. ते मोकळं होईपर्यंत मधल्या लोकांना पुढे सोडायचं नाही, असं त्याने ठरवलं. डावं टोक दुपारी मोकळं झालं. पुढच्या चढाईची वेळ साडेतीन ठरली. आदेश खाली पोचता पोचता, पलटणी जागेवर येता येता साडेपाच वाजले. मार्च महिना, उत्तर फ्रान्स, अंधार पडायला आलेला. सकाळी नऊच्या आसपास जी दारं सताड उघडी होती, तिथे लोक संध्याकाळी साडेपाचला पुन्हा निघाले.

या सगळ्या वेळात जर्मन काय करत होते? त्यांनी गावामागे अंतराअंतरावर मशीनगनचे ठोस अड्डे आधीच बांधून ठेवले होते. एकेका अड्ड्यात मूठभर माणसं. पळून आलेले लोक त्यांच्या आसऱ्याला थांबले. रात्रभर नवी ओळ खणली गेली आणि मागून राखीव फौज येत राहिली. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश तोफा मारा करायला बसल्या तर ही नवी ओळ नकाशावर नव्हतीच. वेध घ्यायला धुकं आडवं आलं. पायदळाची चढाई फसली. १२ तारखेला पहाटे जर्मनांनी उलट हल्ला केला. तो मात्र ब्रिटिशांनी मोडून काढला, कारण आता बचावाला बसलेले ते होते. गंमत म्हणा की शोकांतिका, जो बसून राहील तो जिंकायचा.

याच्या मुळाशी एक साधं गणित आहे. बचाव करणारा मागे सरकतो तेव्हा तो आपल्या रेल्वेच्या, आपल्या टेलिफोनच्या, आपल्या गोदामांच्या जवळ जातो. त्याची कुमक आगगाडीने येते. हल्ला करणारा पुढे सरकतो तेव्हा या सगळ्यापासून लांब जातो आणि तेही पायी, त्याने स्वतःच उखणून ठेवलेल्या जमिनीवरून. सहा घोडे जोडलेली तोफ खड्ड्यांच्या चिखलातून दोन किलोमीटर पुढे न्यायला अख्खा दिवस जातो. तोफ पुढे आली नाही तर पायदळाच्या डोक्यावर छत्र नाही. खिंडार बुजवणारा रेल्वेने येतो आणि खिंडार रुंद करणारा चालत जातो. या शर्यतीत कोण जिंकेल हे सांगायला सेनापती व्हावं लागत नाही.

मग घोडदळ? नव शापेलच्या मागेही ते वाट बघत उभं होतं. पण शाबूत राहिलेली एक मशीनगन घोड्यांच्या आख्ख्या रिसाल्याला पुरून उरते आणि एकही मशीनगन शाबूत नाही असं कधी झालं नाही. १९१४ ते १८ मध्ये पायी चालणाऱ्या माणसापेक्षा वेगाने जाणारं आणि गोळीला न जुमानणारं भरवशाचं वाहन कोणाकडेच नव्हतं.

लढाईनंतर दोन्ही बाजूंनी धडे घेतले आणि माझ्या मते जर्मनांनी जास्त बरोबर घेतले. एकच ओळ पुरत नाही हे त्यांना कळलं. त्यांनी दोन-तीन किलोमीटर मागे दुसरी पूर्ण मोर्चेबंदी उभारायला घेतली, शक्यतो टेकडीच्या पलीकडच्या उतारावर, जिथे समोरच्या निरीक्षकाची नजर पोचत नाही. पहिली ओळ घेतलेल्या शत्रूला तोफा पुढे ओढून सगळं पहिल्यापासून करावं लागेल, अशा अंतरावर. खाली खोल तळघरं खणली.

ब्रिटिशांनी निष्कर्ष काढला की तोफा कमी पडल्या, गोळे कमी पडले. चूक नव्हतं ते. पण यातून एक पेच तयार झाला, जो पुढची दोन वर्षं सुटला नाही. जास्त ओळी फोडायच्या तर जास्त गोळे हवेत, जास्त गोळे टाकायचे तर मारा अनेक दिवस चालवावा लागतो आणि मारा अनेक दिवस चालला की शत्रूला कळतं, कुठे येताय ते. तो राखीव फौज आणून ठेवतो. शिवाय जमीन इतकी उखणली जाते की पुढे जायलाच वाट राहत नाही. पस्तीस मिनिटांच्या माऱ्याने जी अचानकता साधली होती, ती हातची गेली.

फ्रान्समधल्या सोम नदीकाठची लढाई म्हणजे हा पेच सगळ्यात मोठ्या आकारात. जून १९१६ च्या अखेरीस आठवडाभर मारा चालला, पंधरा लाखांवर गोळे पडले. आकडा प्रचंड वाटतो, पण आघाडी लांब होती आणि फोडायच्या ओळी अनेक होत्या. खंदकाच्या दर यार्डामागे पडलेला दारूगोळा हिशेबाने नव शापेलपेक्षा कमीच भरतो. त्यातले बरेच गोळे छर्ऱ्याचे होते, ज्यांनी तळघरातल्या माणसाला काही होत नाही, आणि बरेच फुटलेच नाहीत. १ जुलैच्या सकाळी मारा मागच्या ओळींकडे सरकला. आता प्रश्न एवढाच होता की तळघरातला जर्मन आधी जिने चढून वर येतो की ब्रिटिश आधी त्याच्या खंदकाशी पोचतो. बहुतेक ठिकाणी जर्मन आधी आला. एका दिवसात ५७,४७० ब्रिटिश सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले, त्यातले १९,२४० मेले. या हल्ल्याचा प्रमुख सेनापती पुन्हा रॉलिन्सनच.

आणि चीड आणणारी गोष्ट ही की त्याला उत्तर आधीच सुचलेलं होतं. नव शापेलनंतर थोड्याच दिवसांत त्याने लिहिलं होतं की एक लचका तोडावा आणि तो धरून बसावं. म्हणजे आपल्या तोफांच्या छत्राखाली जेवढं येतं तेवढंच घ्यायचं, तिथे थांबायचं, खणायचं. मग गेलेली जमीन परत घ्यायला शत्रूलाच उघड्यावर यावं लागतं आणि मरायची पाळी त्याची. १९१६ मध्ये त्याचे वरिष्ठ, फ्रान्समधले ब्रिटिश सरसेनापती हेग यांना पहिल्याच दिवशी खोलवर घुसायचं होतं आणि रॉलिन्सनने मान तुकवली.

पेच सुटायला सुरुवात झाली ती वेध न घेता वेध साधायची कला आल्यावर. शत्रूची तोफ डागल्याचा आवाज अनेक ठिकाणच्या मायक्रोफोनना वेगवेगळ्या क्षणी पोचतो. त्या फरकावरून तोफेची जागा काढता येऊ लागली. प्रत्येक तोफेच्या नळीची झीज आधीच मोजून ठेवली जाऊ लागली आणि हवेचं तापमान, वारा हिशेबात धरला जाऊ लागला. आता पहिला गोळाच बऱ्यापैकी जागेवर पडायचा, त्यामुळे आधी काही दिवस ढोल वाजवायची गरज उरली नाही. तार तुडवायला रणगाडे आले. नोव्हेंबर १९१७ मध्ये कांब्रेला हे दोन्ही एकत्र वापरलं, पहिल्याच दिवशी मोठं खिंडार पडलं आणि इंग्लंडात चर्चच्या घंटा वाजल्या. दहा दिवसांनी जर्मनांच्या उलट हल्ल्यात त्यातलं पुष्कळ परत गेलं. आत घुसायचं कोडं सुटलं होतं, पुढे जायचं नव्हतं.

मार्च १९१८ मध्ये जर्मनांनी उलट टोकाने प्रयत्न केला. पाच तासांचा अतिशय दाट मारा आणि धुक्यातून शिरणाऱ्या निवडक तुकड्या. अड्डे टाळायचे, फट दिसेल तिथून पुढे निघायचं. दोन आठवड्यांत ते साठेक किलोमीटर पुढे गेले, जे पश्चिम आघाडीवर साडेतीन वर्षांत कोणी केलं नव्हतं. आणि तरीही ते थांबले, त्याच जुन्या कारणाने. माणसं पायी, तोफा आणि भाकरी मागे सोमच्या उजाड रणभूमीवर अडकलेली, समोर रेल्वेने येणारी कुमक. शेवटी निवडक माणसं मेलेली आणि आघाडीला एक मोठा फुगवटा, जो राखायला पूर्वीपेक्षा जास्त माणसं लागणार.

८ ऑगस्टला आमियाँ शहरासमोर दोस्त राष्ट्रांनी हल्ला केला. सेनापती, तिसऱ्यांदा, रॉलिन्सन. आधी मारा नाही, वेध नाही. समोरच्या बहुतेक जर्मन तोफा कुठे आहेत ते ठाऊक होतं आणि त्या पहिल्याच मिनिटांत दाबल्या गेल्या. चारशेवर रणगाडे सोबत होते. पहिल्या दिवशी काही ठिकाणी बारा-तेरा किलोमीटरची मजल झाली. दुसऱ्या दिवशी ती कमी झाली, तिसऱ्या दिवशी आणखी. चौथ्या-पाचव्या दिवशी चालू स्थितीतले रणगाडे बोटांवर मोजण्याइतके उरले, १२ ऑगस्टला सहा. जर्मन कुमक पोचली होती आणि समोर जुन्या सोमच्या तारा होत्या. नव शापेलची दुसरी सकाळ पुन्हा उगवत होती.

या वेळी हल्ला थांबवला. हेगना तो पुढे रेटायचा होता, पण समोरचे खंदक पाहून आलेला कॅनेडियन कोअरचा सेनापती आर्थर करी तयार नव्हता आणि या खेपेला रॉलिन्सननेही त्याची बाजू धरली. २१ ऑगस्टला उत्तरेला, दुसऱ्याच सैन्याने, दुसऱ्याच जागी नवा हल्ला सुरू केला. तिथून जर्मन राखीव फौज हलली की पुढचा तिसरीकडे. एका जागी आरपार जायचा हट्ट सोडून त्यांनी सातशे किलोमीटरच्या रेघेवर लचक्यामागून लचका तोडला. जर्मनांची कुमक आगगाडीने येत होतीच, पण आता कुठल्या स्टेशनावर उतरायचं तेच तिला कळेनासं झालं.